हाक एक, पोच नाही

आमच्या मामांना नाटकाचं तिकीट काढायचं म्हणजे पहिल्या तीन रांगांतलंच. दोन्ही कानांत यंत्रं आहेत, तरी मागे बसलं की शब्द विरघळतात, अशी त्यांची तक्रार. यंत्राचा त्यात फारसा दोष नाही. ते जवळचा आवाज वाढवतं, पण शेजाऱ्याच्या खोकल्यालाही तितकंच वाढवतं. रंगमंचावरच्या माइकचा आवाज थेट कानातल्या यंत्रात आला, तर मधली ही सगळी गर्दी टळते. ब्लूटूथची नवी पद्धत नेमकं हेच करते. तिचं नाव एलई ऑडिओ, म्हणजे कमी ऊर्जेवर चालणारं ध्वनिवहन, आणि त्यातल्या सर्वांसाठीच्या प्रक्षेपणाचं नाव ऑराकास्ट. श्रवणयंत्रं बनवणाऱ्या युरोपीय कंपन्यांची संघटना आणि ब्लूटूथ संघटना यांनी २०१४ मध्ये हातमिळवणी केली, २०२० च्या जानेवारीत पद्धत जाहीर झाली आणि तिचे सगळे नियम पूर्ण व्हायला २०२२ उजाडलं.

जुनं ब्लूटूथ हे फोनवरच्या संभाषणासारखं आहे. फोन आणि हेडफोन आधी एकमेकांशी जोडी जमवतात. मग फोन आवाजाचा एक तुकडा पाठवतो, हेडफोन ‘मिळाला’ म्हणून पोच देतो आणि पोच आली नाही तर फोन तोच तुकडा पुन्हा पाठवतो. दोघांपुरतं हे झकास चालतं. पण नाट्यगृहात सातशे माणसं असतील, तर सातशे जणांची पोच घेत बसणारा प्रक्षेपक पहिल्या वाक्यातच गुदमरेल.

म्हणून ऑराकास्टने पोच हा प्रकारच काढून टाकला. प्रक्षेपक आकाशवाणीसारखा बोलत राहतो. ऐकणारे सात आहेत की सातशे, हे त्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. अधूनमधून तो ‘मी इथे आहे, माझं नाव अमुक, आवाज मराठीत आहे, पुढचा तुकडा अमुक क्षणी अमुक वाहिनीवर येईल’ अशी जाहिरात सोडतो. ही जाहिरात शोधायला सतत रेडिओ चालू ठेवावा लागतो आणि वाटाण्याएवढ्या बॅटरीला ते परवडत नाही. म्हणून शोधाशोध फोन करतो, यादी दाखवतो आणि निवडलेल्या प्रक्षेपणाचा पत्ता यंत्राला सांगून बाजूला होतो. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. आवाज फोनमधून जात नाही. नंतर फोन बंद पडला, तरी संवाद ऐकू येत राहतात.

आता अडचण अशी, की पोच नाही तर हरवलेल्या तुकड्याचं काय? प्रक्षेपकाला काही हरवलंय हेच माहीत नसतं. त्यावरचा उपाय अगदी गावातल्या दवंडीसारखा आहे: प्रत्येक तुकडा न विचारता पुन्हा पुन्हा सांगायचा.

बोलण्यासाठीची एक ठरलेली मांडणी घेऊन हिशेब करू. आवाजाचे १० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले जातात, म्हणजे सेकंदाला १००. एलसी-थ्री नावाची आकुंचनाची रीत असा एक तुकडा ४० बाइटांत बसवते. जुन्या ब्लूटूथला चांगल्या संगीतासाठी सेकंदाला तीनशेच्या वर किलोबिट लागत. इथे बोलणं ३२ किलोबिटांत भागतं. हे ४० बाइट हवेत सोडायला पाव मिलिसेकंदही लागत नाही. उरलेल्या वेळात त्याच तुकड्याच्या आणखी प्रती सोडता येतात, आणि प्रत्येक प्रत वेगळ्या वाहिनीवर, म्हणजे एका वाहिनीवर वाय-फायचा गोंधळ असला तरी दुसरीवर वाट मोकळी सापडते.

समजा मामांच्या खुर्चीपाशी दहातली एक प्रत वाया जाते. नाट्यगृहात हे सहज घडेल, कारण या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच. तुकडा तीनदा पाठवला, तर तिन्ही प्रती हरवण्याची शक्यता हजारात एक. सेकंदाला १०० तुकडे असल्यामुळे दर दहा सेकंदांनी एक खरचट ऐकू येईल. नाटकात हे छळवादी आहे. पाचदा पाठवला तर शक्यता लाखात एक होते, म्हणजे साधारण सतरा मिनिटांनी एक. अर्थात हा हिशेब प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे हरवते असं धरून केलाय. प्रत्यक्षात वाय-फायचा झटका आला की लागोपाठच्या दोन-तीन प्रती एकदम जातात. त्यामुळे प्रती एकामागून एक न सोडता वेळेत पसराव्या लागतात. आणि वेळेत पसरायचं म्हणजे उशीर पत्करायचा.

हा उशीर मोजू. तुकडा भरायला १० मिलिसेकंद, आकुंचनाला अडीच. तीन प्रतींच्या मांडणीत वाहतुकीला जास्तीत जास्त १०, पाच प्रतींच्या मांडणीत ६० पर्यंत. त्यावर सहसा ४० मिलिसेकंदांचा थांबा असतो: महाग-स्वस्त सगळी यंत्रं आणि डावा-उजवा कान यांनी तुकडा एकाच क्षणी वाजवावा म्हणून. बेरीज एकीकडे साठच्या थोडी वर, दुसरीकडे एकशे दहाच्या आसपास.

साठ मिलिसेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण नटाचा आवाज हवेतूनही येतोय. तो मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर चालतो. तीन मीटरवरच्या पहिल्या रांगेत तो ९ मिलिसेकंदांत पोचतो आणि यंत्रातला आवाज त्यानंतर पन्नासेक मिलिसेकंदांनी. बोलण्यात साधारण तीस-चाळीस मिलिसेकंदांपर्यंतचा फरक मेंदू पोटात घालतो. त्यापुढे तेच वाक्य दोनदा ऐकू येऊ लागतं, विहिरीत बोलल्यासारखं. कान साच्याने घट्ट बंद असेल तर हवेतला आवाज दबतो आणि त्रास कमी होतो. हल्लीच्या उघड्या टोपीच्या यंत्रांत मात्र तो सरळ आत शिरतो. श्रवणयंत्रांसाठी थांबा २० वर आणायची सोय आहे. ती वापरली, तर तीन प्रतींवर पहिली रांगही निभावते. जमिनीखालून तारेचं वेटोळं फिरवून चुंबकीय क्षेत्राने आवाज देणारी जुनी पद्धत इथे बाजी मारते. तिच्यात उशीर जवळपास नसतोच. फक्त विजेच्या तारांची घरघर सोबत येते.

आणखी एक खोच. हौसेने कुणी फक्त उंची दर्जाचं, ४८ किलोहर्ट्झचं, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारं प्रक्षेपण लावलं, तर मामांच्या फोनवर त्याचं नाव दिसेल, पण यंत्र मुकंच राहू शकेल. श्रवणयंत्रांना १६ आणि २४ किलोहर्ट्झ समजलंच पाहिजे असा नियम आहे, ४८ चं बंधन नाही. शिवाय उंची दर्जाचा स्टिरिओ आवाज पाच-पाच प्रतींनी पाठवायचा, तर दर १० मिलिसेकंदांतले साडेसहा हवेतच खर्च होतात. त्याच प्रक्षेपकावर शेजारी हिंदी अनुवादही द्यायचा असेल, तर जागा फारशी उरत नाही. माझ्या मते नाटकाला २४ पुरे. संगीत नाटकाच्या रसिकांनी वाद घालायला हरकत नाही.

हे सगळं मामांना कागदावर आकडे मांडून सांगितलं. साठ मिलिसेकंद उशिराशी हवेतला आवाज जुळायला वीसेक मीटर लागतात, म्हणजे सतराव्या-अठराव्या रांगेच्या आसपास. भिंतीवरच्या कर्ण्यांचा आवाज आधी येतो, तेव्हा त्यांच्यापासून जरा लांब. कागद उलटसुलट बघून ते म्हणाले, “म्हणजे यंत्र नीट झालं की मला मागे बसवणार तुम्ही. आणि नटाचा चेहरा?”