शेवगा, माठ आणि मेथी: पालेभाज्यांतील लोह, कॅल्शियम व अ जीवनसत्त्व

शेवग्याचा पाला, माठ (राजगिऱ्याच्या कुळातील पालेभाजी) आणि मेथी या तिन्ही पालेभाज्या लोह, कॅल्शियम व अ जीवनसत्त्व यांचे स्वस्त स्रोत मानल्या जातात. स्वस्ताईचे कारण लागवडीत आहे. शेवग्याची फांदी रोवली की झाड वर्षानुवर्षे पाला देते, तर माठ आणि मेथी पेरल्यापासून साधारण महिन्याभरात काढणीला येतात. मात्र पानात जेवढे असते तेवढे सगळे अंगी लागत नाही, आणि ही तफावत तिन्ही घटकांत सारखी नसते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ताज्या शेवग्याच्या पाल्यात सुमारे ३१५ मिलिग्रॅम कॅल्शियम, साडेचार मिलिग्रॅम लोह आणि १७,५०० मायक्रोग्रॅम बीटाकॅरोटीन असते. हे वजन निवडलेल्या कच्च्या पानांचे आहे. देठ-काड्या काढल्यावर जुडी बरीच हलकी होते, हे हिशेब करताना विसरू नये. माठ आणि मेथीत कॅल्शियम व लोह याच पट्ट्यात असते, बीटाकॅरोटीन मात्र जवळपास निम्मे.

अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत हा पाला सर्वांत भरवशाचा. पानात तयार अ जीवनसत्त्व नसते. बीटाकॅरोटीनपासून ते शरीर बनवते. मिश्र आहारात १२ भाग बीटाकॅरोटीनमागे १ भाग अ जीवनसत्त्व धरतात. पण १९९५ साली इंडोनेशियात स्तनदा मातांना रोज हिरव्या पालेभाज्या देऊनही त्यांच्या रक्तातील अ जीवनसत्त्व अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. त्यानंतर पालेभाज्यांसाठी २६ ला १ असा कडक हिशेबही मांडला गेला. तो धरला तरी १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यातून ६७० मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळते, आणि भारतीय शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज ८४० आहे. बीटाकॅरोटीन तेलात विरघळते, पाण्यात नाही. म्हणून पाला चिरून, मऊ शिजवून त्यात चमचाभर तेल घातले तर ते पेशींतून सुटून शोषले जाते. तेलाविना नुसत्या उकडलेल्या पाल्यातून त्यातले फार थोडे हाती लागते.

लोहाचे गणित सर्वांत निराशाजनक, आणि नेमका त्याचाच गाजावाजा जास्त. प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, ती आहारातले सुमारे ८ टक्केच शोषले जाते असे धरून. म्हणजे अंगी लागायला हवे सव्वादोन मिलिग्रॅमच्या वर. त्याच हिशेबाने १०० ग्रॅम पाल्यातले साडेचार मिलिग्रॅम ०.३६ वर येते, गरजेच्या जेमतेम सहाव्या हिश्शावर. जेवताना लिंबू पिळले तर त्यातले क जीवनसत्त्व शोषण वाढवते. जेवणाला लागूनच चहा प्यायला तर तो ते घटवतो. रक्तक्षय ठरला असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांऐवजी पालेभाजीवर विसंबणे चुकीचे. जुन्या तक्त्यांत कोवळ्या माठाचे लोह २५ मिलिग्रॅमच्या घरात दिलेले आढळते, पुढच्या आवृत्तीत ते साडेतीनवर आले. जमिनीलगतच्या पानाला चिकटलेली मातीही असा आकडा फुगवू शकते, आणि ते लोह शरीराच्या फारसे उपयोगी नसते. लाल माठाने रक्त वाढते हा समजही रंगावरून झालेला आहे. तो रंग बीटासायनिन या रंगद्रव्याचा, लोहाचा नव्हे.

कॅल्शियममध्ये फरक पडतो तो ऑक्झलेटमुळे. माठात ते भरपूर असते आणि कॅल्शियमला बांधून न विरघळणारा क्षार बनवते, त्यामुळे तक्त्यातला मोठा आकडा बराचसा कागदावरच राहतो. मेथीत ऑक्झलेट फार कमी असल्याने साधारण तेवढ्याच कॅल्शियममधून अधिक पदरात पडते. माठ भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकले तर विरघळणारे ऑक्झलेट निघून जाते, बीटाकॅरोटीन पानातच राहते. पण क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यासोबत जातात. ऑक्झलेटच्या मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी माठ बेतानेच खावा, इतरांना मात्र दरवेळी पाणी टाकायची गरज नाही.

वाळवलेल्या शेवग्याच्या पुडीबद्दल सांगितले जाणारे 'पालकाच्या पंचवीस पट लोह' असले दावे सुक्या पुडीची ओल्या पानाशी तुलना करून काढलेले असतात. ताज्या पाल्याचे तीन चतुर्थांश वजन पाण्याचेच, म्हणून १० ग्रॅम पुडीत साधारण ४० ग्रॅम ताज्या पाल्याइतकीच खनिजे येतात. बीटाकॅरोटीन तर त्याहून कमी, कारण उन्हात ते झपाट्याने नष्ट होते. पाला धुऊन, पातळ पसरून सावलीत वाळवावा आणि हवाबंद डब्यात अंधारात ठेवावा. हिरवागार रंग जाऊन पूड मातकट, पिवळसर दिसू लागली की तिच्यातले बीटाकॅरोटीन बरेच गेले असे समजावे. कॅल्शियम आणि लोह मात्र तेवढेच राहते.