दुसऱ्या निर्देशांकाने साथ दिली नाही म्हणजे विकायचं का?

"डाऊ सिद्धान्त सांगतो ना, इंडस्ट्रियल नवा उच्चांक करतोय आणि ट्रान्सपोर्ट मागे राहिलाय, तर लगेच विकून मोकळं व्हायचं?"

नाही. डाऊ सिद्धान्त शेअर बाजाराचा कल दोन अमेरिकी निर्देशांकांवरून ठरवतो, मोठ्या कंपन्यांचा इंडस्ट्रियल आणि वाहतूक कंपन्यांचा ट्रान्सपोर्ट, आणि एकाच्या उच्चांकाला दुसऱ्याने साथ द्यावी अशी त्याची अपेक्षा असते. पण साथ न मिळणं हा विक्रीचा इशारा नाही. तेजीवर नव्याने शिक्कामोर्तब झालेलं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

समजा, मुख्य कल तेजीचा आहे. इंडस्ट्रियल १००० वरून ९०० ला आला, ट्रान्सपोर्ट ५०० वरून ४४०ला. काही आठवड्यांची ही घसरण म्हणजे दुय्यम कल. मग इंडस्ट्रियल १०२०ला बंद झाला, पण ट्रान्सपोर्ट ४९०लाच अडखळला. इथे सावध जरूर व्हावं, पण मुख्य कल अजून तेजीचाच धरायचा. मंदीचा कौल मिळतो तो इंडस्ट्रियल ९००च्या आणि ट्रान्सपोर्ट ४४०च्या खाली बंद झाल्यावर. दोन्ही एकाच दिवशी तुटायला हवेत असं नाही, पण एकटा तुटला तर चालत नाही. दिवसभरात भाव खाली जाऊन वर आला तर तेही मोजत नाहीत. बंद भावच बघायचा.

याची किंमत उघड आहे: कौल मिळेपर्यंत इंडस्ट्रियल शिखरापासून १२ टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो.