मराठी लिहितो तशी वाचत नाही

‘मराठी जशी लिहितो तशीच वाचतो, त्यामुळे संगणकाला ती वाचणं सोपं’ हे विधान भाषादिनाच्या प्रत्येक भाषणात भेटतं. त्याच्या जोडीला नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवल्याची गोष्टही येते. तिच्या मुळाशी नासाशी संबंधित एका संशोधकाचा १९८५ सालचा एक निबंध आहे. त्याने संस्कृत व्याकरणकारांची विश्लेषणपद्धत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची पद्धत यांची तुलना केली होती. नासाने कुठलाही निवाडा दिलेला नाही. पण आपला विषय पहिलं विधान आहे, आणि ते तपासायला गोव्याच्या इतिहासावरच्या लेखातलं एक वाक्य पुरेसं आहे:

‘१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभा घेतली.’

हे वाक्य मजकुराचा आवाज करणाऱ्या प्रणालीला वाचायला द्या. त्यात अडखळण्याच्या निदान चार जागा आहेत.

१९४६ हा आकडा आहे की वर्ष, हे यंत्राला आधी ठरवावं लागतं. रक्कम असेल तर ‘एक हजार नऊशे शेहेचाळीस’, वर्ष असेल तर ‘एकोणीसशे शेहेचाळीस’. २०२५ मात्र वर्ष असूनही ‘दोन हजार पंचवीस’. आवाज तयार होण्याआधी आकडे, चिन्हं आणि संक्षेप यांची अक्षरी रूपं करण्याच्या या टप्प्यावर कितीतरी चुका होतात. गोव्यात जमिनीच्या ‘१/१४’ उताऱ्याला आपण ‘एक-चौदा’ म्हणतो, यंत्र त्याचा सरळ अपूर्णांक करू शकतं. ‘डॉ.’ मधल्या टिंबाचा घोटाळा वेगळा. यंत्राला तो पूर्णविराम वाटला तर ‘डॉक्टर’ऐवजी नुसतं ‘डॉ’ ऐकू येतं, स्वर खाली उतरतो, श्वासभर थांबा पडतो आणि लोहियांचं नाव नव्या वाक्यासारखं सुरू होतं. ऐकताना थांबा चुकीच्या जागी आला की आधी मजकुरातलं टिंब तपासावं.

पण सगळ्यात सुंदर अडचण ‘राममनोहर’ या शब्दात आहे.

देवनागरीत प्रत्येक मोकळ्या व्यंजनात ‘अ’ दडलेला असतो. आपण लिहितो तो सगळा, उच्चारतो मात्र काहीच. ‘मडगाव’ हा शब्द म-ड-गा-व असा लिहिलेला असला तरी मडगावचा माणूस ‘मड्‌गाव्‌’ म्हणतो. शेवटच्या ‘व’ मधला अ गळतो, हे सोपं. मधल्या ‘ड’ मधला अ का गळतो? त्याचा ढोबळ नियम असा: ‘अ’च्या आधी एकच व्यंजन आणि त्याआधी स्वर असेल, तसंच ‘अ’च्या नंतर एकच व्यंजन आणि त्यानंतर स्वर असेल, तर तो अ गळतो. ‘ड’च्या आधी ‘म’चा अ आहे, पुढे ‘गा’चा आ आहे, म्हणून गळाला. काणकोण, बारदेश, तिसवाडी, हरमल ही नावं मोठ्याने म्हणून पाहा, सगळी या नियमात बसतात. ‘सत्तरी’त ‘त्त’ हे जोडाक्षर असल्यामुळे त्यातला अ टिकतो, तेही नियमाप्रमाणेच.

आता पेडण्याजवळचा ‘आगरवाडा’ घ्या. इथे ‘ग’ आणि ‘र’ दोघांतले अ गळायला पात्र आहेत, पण एक गेला की दुसऱ्याला राहावंच लागतं, कारण व्यंजनं जोडली जातात. डावीकडून सुरुवात केली तर आधी ‘ग’चा अ जातो आणि ‘आग्रवाडा’ होतो. उजवीकडून सुरुवात केली तर ‘र’चा जातो आणि ‘आगर्‌वाडा’ हा बरोबर उच्चार मिळतो. म्हणून असे नियम लिहिताना शब्द उजवीकडून डावीकडे तपासण्याची पद्धत आहे.

हाच उजवीकडचा नियम ‘राममनोहर’ला लावू. शेवटच्या ‘र’चा अ गेला. ‘ह’चा राहिला, कारण पुढे स्वर उरला नाही. दुसऱ्या ‘म’च्या आधी अ आहे, पुढे ‘नो’ आहे, म्हणून तो गळाला. मग पहिल्या ‘म’चा अ राहतो, कारण त्याच्यापुढे आता ‘म्न’ हे जोडाक्षर आहे. हाती आलं ‘रामम्नोहर’! नियमाचं पालन काटेकोर, उच्चार अशक्य. डावीकडून गेलो असतो तर इथे बरोबर आलं असतं, पण आगरवाडा बिघडला असता. दिशेचा हा प्रश्नच नव्हे. ‘राम’ आणि ‘मनोहर’ यांच्यामध्ये एक सांधा आहे, आणि तो कागदावर दिसत नाही. ‘बिनपगारी’चंही तेच: सांधा न कळलेलं यंत्र ‘बिनप्‌गारी’ म्हणेल. आपल्याला ‘बिन’ आणि ‘पगार’ हे शब्द आधीच माहीत असतात, म्हणून आपण चुकत नाही.

आजच्या प्रणाली असे नियम हाताने लिहून चालतातच असं नाही. त्या माणसांनी वाचलेल्या तासन्‌तास ध्वनिमुद्रणांवरून अक्षर आणि ध्वनीचं नातं स्वतः शिकतात, आणि नेहमीच्या शब्दांत अ गाळणं त्यांना चांगलं जमतं. अडतं ते नावांपाशी. जे नाव शिकवणीत कधी आलंच नाही, तिथे यंत्र इतर शब्दांच्या सवयीवरून अंदाज करतं. ‘हुबेहूब माणूस’ म्हणून जाहिरात केलेला आवाजही गावाचं नाव चुकवतो, कारण आवाजाचा गोडवा आणि उच्चाराचं ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथी जागा ‘जून’. महिना म्हणताना जीभ टाळूला लागते, तर ‘जून भेंडी’ म्हणताना ती दातांकडे सरकते. लिखाण एकच. ‘च’ आणि ‘झ’चीही अशीच दोन दोन रूपं आहेत. ‘जून’च्या आधी तारखेचा आकडा असेल तर तो महिना, एवढा अंदाज चांगली प्रणाली करते. चुकली तर ‘ज्यून’ असं लिहून भागतं.

दुरुस्ती कशी करायची? छापायचा लेख तसाच ठेवून वाचनासाठी वेगळी प्रत करावी. सांधा दाखवायला साधी मोकळी जागा पुरते: ‘राम मनोहर’ असं तोडलं की ‘मनोहर’चा म शब्दाच्या सुरुवातीला येतो, त्याच्या आधी स्वर राहत नाही आणि त्याचा अ टिकतो. प्रणाली SSML ही खुणांची भाषा स्वीकारत असेल, तर मूळ मजकूर न बदलता उच्चार बाजूला लिहिता येतो:

```
<sub alias="अठरा जून एकोणीसशे शेहेचाळीस">१८ जून १९४६</sub> रोजी
<sub alias="डॉक्टर राम मनोहर">डॉ. राममनोहर</sub> लोहिया
```

यंत्र एखादा शब्द कसा फोडतं हे न ऐकताही पाहता येतं. eSpeak NG या मोफत प्रणालीत मराठी आहे, आणि ही आज्ञा दिली की ती ध्वनिलिपीत उत्तर छापते:

```
espeak-ng -v mr -q --ipa "आगरवाडा"
```

तिचा आवाज यांत्रिक आहे, पण तपासणीला उपयोगी. तुमची प्रणाली वेगळी असेल तर तिचं उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून शेवटी कानाने ऐकणं चुकत नाही.

लेखात रोमन लिपीतली गावं असतील तर ती आधी देवनागरीत आणावीत. Quepem मधला शेवटचा m पोर्तुगीज लेखनात अनुनासिक स्वर दाखवतो, तिथे ओठ मिटत नाहीत. Xeldem मधला X म्हणजे श. इंग्रजी वळणाने वाचणाऱ्या यंत्राला केपे आणि शेल्डे ही गावं सापडणारच नाहीत.

वारंवार येणाऱ्या नावांची उच्चारयादी करून ठेवायची सोय काही प्रणालींत असते. मराठीत ती लवकर अपुरी पडते, कारण यादी बहुधा पूर्ण शब्द जुळवते. ‘राममनोहर’ नोंदवलं तरी ‘राममनोहरांनी’ हा यादीच्या दृष्टीने वेगळाच शब्द. पेडणे, पेडण्यात, पेडण्याहून, पेडण्याच्या अशी जेवढी रूपं लेखात येतील तेवढ्या नोंदी कराव्या लागतात. एकाच लेखाचं काम असेल तर यादीच्या मागे न लागता वाचनाच्या प्रतीतच ती रूपं शोधून बदलणं लवकर होतं.