कानाकडची जाडी कुठून आली?

जुलैमध्ये कॉलेज सुरू झालं की अमळनेरच्या माझ्या दुकानात नव्या चष्म्यांच्या तक्रारी येऊ लागतात. तशीच एक मुलगी आली. चष्मा बाहेरगावी केलेला, फ्रेम मोठी, चौकोनी, अर्धे गाल झाकणारी. "भाऊ, बोर्ड देखं का डोकं दुखस. मोबाईल देखाले काहीच नही व्हत." दुसरी तक्रार काचेच्या जाडीची होती. मैत्रिणी हसतात म्हणे.

नंबर तपासला. दोन्ही डोळ्यांना मायनस सहा, आणि चष्म्यातही तोच. म्हणजे नंबरात चूक नव्हती. दुखणं लांबचं बघताना होतं आणि जवळचं बघताना नाही, ही गोष्ट मात्र मी मनात ठेवली.

फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात, ते सहसा कोणी वाचत नाही. हिच्या काडीवर ५६□१८-१४५ होतं. ५६ ही एका काचेची रुंदी, १८ हे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, १४५ ही काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज ७४. एका काचेच्या मध्यापासून दुसऱ्या काचेच्या मध्यापर्यंत एवढं अंतर आहे. तिच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला आम्ही पी.डी. म्हणतो, मोजलं तर ६२ भरलं. म्हणजे तिचे डोळे काचांच्या मध्यावर नव्हतेच, प्रत्येकी ६ मिलिमीटर नाकाकडे सरकलेले होते.

प्रत्येक काचेत एक बिंदू असा असतो की तिथून जाणारा किरण वाकत नाही. हे काचेचं केंद्र. ते बाहुलीसमोर यायला हवं. फ्रेम मोठी असली की काच कापणाऱ्याला ते केंद्र फ्रेमच्या मध्यावरून नाकाकडे सरकवावं लागतं, इथे ६ मिलिमीटर.

आता जाडीचं बघू. मायनस काच मधे पातळ आणि कडेला जाड, कढईसारखी खोलगट. कढईच्या तळातून लहानसा गोल तुकडा कापला तर तो जवळजवळ सपाट निघेल. तुकडा मोठा घेतला तर काठ भराभर वर चढतो. काचेचंही तसंच, जाडी केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साध्या प्लास्टिक काचेसाठी हिशेब सोपा आहे: अंतराचा वर्ग करा, नंबराने गुणा, हजाराने भागा आणि मधली जाडी मिळवा. मधे साधारण २ मिलिमीटर धरू.

हिच्या केंद्रापासून नाकाकडची कड किती लांब? अर्धी पी.डी. ३१, त्यातून नाकावरच्या अंतराचा अर्धा भाग ९ वजा केला की २२. आता गंमत बघा, या हिशेबात काचेची रुंदी येतच नाही. काच ५६ची असो वा ४६ची, नाकाकडे २२च राहतात. जास्तीची सगळी रुंदी कानाकडे जाते. ५६मधून २२ गेले की ३४ उरतात. २२च्या हिशेबाने नाकाकडची कड ४.९ मिलिमीटर येते, ३४च्या हिशेबाने कानाकडची जवळपास ९. म्हणून मोठ्या फ्रेमचा चष्मा बाजूनेच जाड दिसतो.

पण हिच्या चष्म्याची कानाकडची कड मी मोजली तर ८च भरली, आणि नाकाकडची साडेपाच. हिशेब जुळेना. जाडी कमी आली म्हणून खूश व्हावं असं ते नव्हतं. काच जागेवर नाही, याची ती खूण होती.

हे घरीही तपासता येतं. चष्मा हातभर लांब धरा आणि एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघा. काचेतली रेघ आणि काचेबाहेरची रेघ तुटलेली दिसेल. चष्मा डावीकडे-उजवीकडे हळूहळू सरकवा. एका जागी दोन्ही रेघा सरळ जुळतात. तिथे काचेवर स्केचपेनने खूण करा, दुसऱ्या काचेचं तसंच करा आणि दोन खुणांमधलं अंतर पट्टीने मोजा. लहान नंबराला रेघ फारशी हलत नाही, आणि तिरपा सिलिंडर नंबर असेल तर रेघ वाकडी दिसते, तिथे ही युक्ती चालत नाही. हिच्या खुणा ६७वर आल्या. हव्या होत्या ६२वर. प्रत्येक काच अडीच मिलिमीटर बाहेर गेलेली.

असं का झालं असावं? काच तयार गोल चकतीतून कापतात, तिला ब्लँक म्हणतात. ६५ मिलिमीटरचा ब्लँक सर्रास वापरात असतो. त्याच्या केंद्रापासून कडेपर्यंत साडेबत्तीसच मिलिमीटर. इथे कानाकडे ३४ हवे होते, घासाईला मिलिमीटरभर धरला तर ३५. अडीच कमी पडले. मोठा ब्लँक मागवायचा तर दिवस जातात, पैसे जातात. मग चकती तेवढीच बाहेर सरकवली की फ्रेम भरते. चष्मा दिसायला व्यवस्थित, उलट कड थोडी पातळ. ग्राहकाला शंका येण्याचं कारणच नाही.

डोळ्याला मात्र कळतं. केंद्र सोडून बघितलं की काच प्रिझमसारखी किरण वाकवते. किती, तर सरकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन नंबराने गुणायचं. ०.२५ गुणिले ६ म्हणजे दीड प्रिझम, दोन्ही डोळे मिळून तीन. एक प्रिझम म्हणजे १ मीटरवर १ सेंटिमीटरची सरक. आता हिचे डोळे मायनस काचेच्या नाकाकडच्या भागातून बघत होते. तिथे काचेची जाड बाजू नाकाकडे येते आणि चित्र कानाकडे सरकतं. दोन चित्रं एक ठेवायची तर डोळ्यांना बाहेर वळावं लागतं. डोळे आत वळायला तरबेज असतात, वाचताना तेच करतात. बाहेर वळायची ताकद मुळात थोडी. म्हणून लांबचा बोर्ड दुखवत होता. मोबाईल बघताना डोळे तसेही आत वळतात, तिथे हा प्रिझम उलट ते काम हलकं करतो. डोकं फक्त बोर्ड बघताना का दुखायचं, याचा उलगडा इथे झाला.

तिने विचारलं, "मग याच फ्रेममध्ये पातळ काच टाकून द्या ना." तीही मोजून दाखवली. १.६७ इंडेक्सची महाग काच, मधे दीड मिलिमीटर, याच फ्रेममध्ये नीट केंद्रावर बसवली तर कानाकडे साधारण ६.७. आणि ४८□१८च्या फ्रेममध्ये साधीच काच ६.१. पैसे काचेत घालण्याआधी फ्रेम लहान करावी, असं माझं मत. अर्थात नंबर एक असेल तर हवी ती फ्रेम घाला. ५६च्या फ्रेमातही कड सव्वातीनच्या आत राहते. आणि पी.डी. ७० असलेल्या माणसाला ५४□१८ अगदी मापात बसते. प्लस नंबरवाल्यांचं उलट होतं, मोठ्या फ्रेममध्ये त्यांची काच मधे फुगते.

तिने शेवटी ४८□१८ घेतली, जाड कडेच्या शेल फ्रेममध्ये, म्हणजे काचेची थोडी जाडी आत लपते. कानाकडे २६ मिलिमीटर पुरले, ६५चाच ब्लँक चालला. काचा बसवल्यावर खुणा करून मोजलं, ६२. जुनी फ्रेम तिने परत मागून घेतली. त्यात गॉगलच्या बिननंबरी काचा टाकून द्या म्हणाली, लग्नाला घालायला.