डेंग्यूत प्लेटलेट्स जातात कुठे? मज्जा, वापर आणि प्रतिपिंड

डेंग्यूत प्लेटलेट्स कमी होतात हे आज कोणीही सांगेल, पण वैद्यकशास्त्राला ही गोष्ट तुलनेने उशिरा कळली. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात डेंग्यू म्हणजे अंग मोडून काढणारा, पांढऱ्या पेशी उतरवणारा, पण बहुतेकदा आपोआप बरा होणारा ताप अशीच त्याची ओळख होती. 1953-54 मध्ये मनिलात आणि 1958 मध्ये बँकॉकमध्ये रक्तस्रावी तापाच्या साथी आल्या. मुलं चौथ्या-पाचव्या दिवशी, नेमका ताप उतरत असताना, अचानक खालावू लागली आणि त्यांच्या रक्तात प्लेटलेट्स फार थोड्या सापडल्या. तेव्हापासून संशोधकांसमोर एक सरळ प्रश्न आहे: प्लेटलेट्स तयारच होत नाहीत, की तयार होऊन नष्ट होतात?

पहिलं उत्तर मज्जेतून आलं. 1960 च्या थायलंडमधल्या साथीत नेल्सन आणि बिअरमन यांच्या गटाने रुग्णांच्या बोन मॅरोचे, म्हणजे अस्थिमज्जेचे, नमुने तपासले आणि 1964 पासून त्यावर लिहिलं. तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत मज्जा पेशींनी विरळ झालेली होती. प्लेटलेट्स बनवणाऱ्या मोठ्या पेशी, म्हणजे मेगाकॅरिओसाइट, एक तर कमी होत्या किंवा अर्धवट वाढून थांबलेल्या होत्या. लाल आणि पांढऱ्या पेशींची वाढही मंदावलेली होती, त्यामुळे याच दिवसांत पांढऱ्या पेशी दोन-तीन हजारांवर का येतात याचाही उलगडा झाला. हे का होतं, याबद्दलची समज नंतर वाढली. विषाणू मज्जेतल्या जनक पेशींना आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशींना संसर्ग करतो, आणि त्याला तोंड देताना शरीर जे सायटोकाइन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारी प्रथिनं, सोडतं त्यांनीही पेशींची वाढ दाबली जाते. ला रुसा आणि इनिस यांनी 1995 मध्ये या दाबाचा सविस्तर आढावा घेतला.

पण या नमुन्यांत आणखी एक गोष्ट होती. जे नमुने उशिरा घेतले होते, म्हणजे ताप उतरण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर, त्यांत मज्जा पुन्हा भरलेली होती आणि मेगाकॅरिओसाइटही परतले होते. रक्तातला आकडा मात्र नेमका तेव्हाच तळाला होता. कारखाना चालू झालेला असताना बाजारात माल नाही, अशी ही स्थिती. मज्जा दबते हे खरं, पण सगळा हिशेब एवढ्याने जुळत नाही, हे इथेच स्पष्ट झालं.

हा हिशेब आकड्यांनी करून पाहण्यासारखा आहे. निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात आणि एक प्लेटलेट साधारण आठ ते दहा दिवस जगते. म्हणजे रोज सुमारे एक नवमांश प्लेटलेट्स म्हाताऱ्या होऊन जातात आणि तेवढ्याच नव्या येतात. आता डेंग्यूचा एक नेहमीच्या धाटणीचा क्रम नमुन्यादाखल घेऊ. दुसऱ्या दिवशी 2,40,000, तिसऱ्या दिवशी 2,10,000, चौथ्या दिवशी 1,30,000, पाचव्या दिवशी 62,000, सहाव्या दिवशी 27,000, सातव्या दिवशी 34,000, आठव्या दिवशी 85,000 आणि नवव्या दिवशी 1,60,000.

समजा दुसऱ्या दिवशी मज्जा पूर्ण बंद पडली, एकही नवी प्लेटलेट आली नाही. तरी रोज सत्तावीस हजारांच्या आसपासच घट व्हायला हवी. तीन दिवसांनी, म्हणजे पाचव्या दिवशी, आकडा 1,60,000 च्या जवळ असायला हवा. प्रत्यक्षात तो 62,000 आहे. जवळजवळ एक लाखाचा फरक मज्जेच्या खात्यावर टाकता येत नाही. दुसऱ्या ते तिसऱ्या दिवसाची तीस हजारांची घट फक्त मज्जेने समजावता येते, पण तिसऱ्या ते चौथ्या दिवसाची ऐंशी हजारांची घट नाही. उतार जिथे अचानक तीव्र होतो, तिथून रक्तातल्या नाशाचं पारडं जड होतं.

चढाची बाजूही तितकीच बोलकी आहे. सातव्या ते नवव्या दिवशी रोज पन्नास ते पंच्याहत्तर हजारांची वाढ आहे, म्हणजे नेहमीच्या उत्पादनाच्या दुप्पट ते तिप्पट. मज्जेत जनक पेशीपासून प्लेटलेट बाहेर पडेपर्यंत साधारण पाच दिवस लागतात. त्यामुळे आठव्या दिवशी दिसणाऱ्या प्लेटलेट्सची तयारी आकडा घसरत होता तेव्हाच सुरू झालेली असते. रिपोर्ट बघून घाबरलेल्या नातेवाइकांना हे समजावून सांगणं गरजेचं असतं, कारण कागदावरचा सगळ्यात वाईट दिवस हा मज्जेचा सगळ्यात वाईट दिवस नसतो.

मग तो एक लाख गेला कुठे? 1977 मध्ये मित्रकुल आणि सहकाऱ्यांनी थायलंडमधल्या रुग्णांत किरणोत्सारी क्रोमियमने खूण केलेल्या प्लेटलेट्स वापरून त्यांचा रक्तातला टिकाव मोजला. आठ-दहा दिवसांच्या जागी तो काही तासांपासून दोनेक दिवसांपर्यंत खाली आला होता. नाश रक्तातच होतो, याचा हा थेट पुरावा होता.

हा नाश अनेक वाटांनी होतो, आणि यातला सगळ्यात पटणारा भाग गेल्या पंधरा-वीस वर्षांत समोर आला आहे. डेंग्यूत रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर चेतवलं जातं आणि प्लेटलेट्स त्याला चिकटतात. विषाणू स्वतः प्लेटलेटला चिकटतो. विषाणू रक्तात सोडतो ते एनएस-वन प्रथिन प्लेटलेटवरच्या टीएलआर-फोर या ग्राहकावर बसून तिला उद्दीपित करतं. उद्दीपित झालेल्या प्लेटलेटमध्ये मायटोकॉन्ड्रिया बिघडतात आणि ती पेशीमृत्यूच्या वाटेला लागते. ब्राझीलच्या हॉट्झ आणि सहकाऱ्यांनी 2013 च्या सुमारास हे रुग्णांच्या प्लेटलेट्समध्ये दाखवलं. एरवी पेशीच्या आवरणात आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरीन हे स्निग्धद्रव्य तेव्हा बाहेरच्या बाजूला येतं. मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या भक्षक पेशी, ही खूण ओळखतात आणि अशी प्लेटलेट गिळून टाकतात. बाकीच्या काही प्लेटलेट्स मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना चिकटून मोकळ्या फिरणाऱ्यांतून वजा होतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्लेटलेट्सचा वापर, म्हणजे त्या रक्तातच खर्ची पडणं, म्हटलं की अनेकांना शरीरभर गुठळ्या होणारी डीआयसी आठवते. डेंग्यूत एपीटीटी, म्हणजे रक्त गोठण्याचा वेळ मोजणाऱ्या चाचणीचा आकडा, थोडा लांबतो, गुठळी बांधणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन थोडं घटतं, पण प्लेटलेट्स वीस हजारांवर आलेल्या बहुसंख्य रुग्णांत पूर्ण डीआयसी नसते. ती मुख्यतः लांबलेल्या शॉकमध्ये होते. प्लेटलेट्स कमी म्हणून फायब्रिनोजेनही संपत आलं असेल, असं गृहीत धरू नये. शंका असेल तर ते मोजावं.

तिसरा धागा प्रतिपिंडांचा. त्याकडे लक्ष वेधलं ते वेळेच्या जुळणीने. पहिल्या संसर्गात आयजीएम प्रकारचे प्रतिपिंड चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. दुसऱ्या संसर्गात जुन्या आठवणीमुळे आयजीजी प्रकारचे प्रतिपिंड लवकर आणि जोरात वाढतात, आणि प्लेटलेट्स सर्वांत वेगाने घसरतात त्याही याच दिवसांत. 1970 च्या दशकात रुग्णांच्या प्लेटलेट्सवर प्रतिपिंड आणि त्यांना साथ देणारी पूरक प्रथिनं चिकटलेली सापडली. 1997 मध्ये फाल्कोनर यांनी उंदरांत दाखवलं की एनएस-वन विरुद्धचे काही प्रतिपिंड प्लेटलेट्सनाही ओळखतात. 2001 मध्ये तैवानमधल्या एका गटाला रुग्णांच्या रक्तात प्लेटलेटविरोधी आयजीएम सापडलं आणि रक्तस्रावी तापात ते साध्या डेंग्यूपेक्षा जास्त होतं. विषाणूसाठी बनलेला प्रतिपिंड चुकून आपल्याच पेशीवर बसतो, मग पूरक प्रथिनं ती फोडतात किंवा मॅक्रोफेज ती उचलतात, असा हा विचार आहे.

या धाग्याला मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. रुग्ण बरा झाल्यावरही हे प्रतिपिंड रक्तात सापडतात, प्लेटलेट्स मात्र तीन-चार दिवसांत पूर्ववत होतात. प्रतिपिंड हाच मुख्य मारेकरी असता तर आयटीपी या प्रतिपिंडांमुळेच प्लेटलेट्स नष्ट होणाऱ्या आजारासारखी आठवडे-महिने रेंगाळणारी घट दिसली असती. दुसरा पुरावा उपचारांचा. आयटीपीत शिरेतून मोठ्या मात्रेत दिलेलं इम्युनोग्लोब्युलिन प्रतिपिंड चिकटलेल्या प्लेटलेट्सचं भक्षण रोखतं. फिलिपिन्समध्ये दुसऱ्या संसर्गाच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं, 2007 मध्ये निकाल आला, आणि प्लेटलेट्स लवकर वाढल्या नाहीत. स्टेरॉइडच्या चाचण्यांतूनही फायदा निघाला नाही. त्याच दिशेच्या पुढच्या कामात मॅक्रोफेज या प्लेटलेट्स गिळतात ते बरंचसं फॉस्फॅटिडिलसेरीनच्या खुणेवरून, असं दिसलं. आमच्या मते आज सगळ्यात भक्कम मांडणी अशी: पहिल्या तीन दिवसांच्या घटीत मज्जेचा वाटा मोठा, चौथ्या ते सहाव्या दिवशीच्या कोसळण्यात उद्दीपन आणि भक्षण मुख्य, आणि प्रतिपिंड त्या भक्षणाला जोर देणारे.

बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्सचं काय होतं, तेही यावरून समजतं. एका दात्याकडून यंत्राने गोळा केलेली एक पिशवी प्रौढ माणसात एरवी तीस ते पन्नास हजारांची वाढ देते. तीव्र टप्प्यातल्या डेंग्यूत तीच पिशवी त्याच चेतवलेल्या अस्तरात आणि त्याच मॅक्रोफेजच्या वाटेत जाते, आणि वाढ काही तासांत विरते. लाय आणि सहकाऱ्यांची सिंगापूर आणि मलेशियातली चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. प्लेटलेट्स वीस हजार किंवा कमी, पण मोठा रक्तस्राव नसलेले 372 प्रौढ तिच्यात होते. प्रतिबंध म्हणून प्लेटलेट्स दिलेल्या गटात रक्तस्राव 21 टक्के आणि न दिलेल्यात 26 टक्के, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. प्रतिकूल घटना मात्र 13 विरुद्ध 2. खरोखर मोठा रक्तस्राव होत असेल तेव्हा प्लेटलेट्स देण्याचा निर्णय वेगळा, त्याला ही चाचणी लागू नाही.

रिपोर्ट वाचताना तीन गोष्टी उपयोगी पडतात. आकडा अनपेक्षितपणे कोसळला आणि रुग्ण ठीक दिसत असेल, तर आधी स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेलं रक्त, सूक्ष्मदर्शकाखाली बघावा. ईडीटीए या गोठणरोधकाच्या नळीत काहींच्या प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि यंत्र त्यांना मोजत नाही. सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घेतला की ते उघड होतं. दुसरं, आयपीएफ, म्हणजे नुकत्याच मज्जेतून निघालेल्या कोवळ्या प्लेटलेट्सचं प्रमाण. प्लेटलेट्स पंचवीस हजारांपर्यंत उतरलेल्या असल्या तरी आयपीएफ दहा टक्क्यांच्या वर चढलं असेल, तर मज्जा कामाला लागली आहे आणि एक-दोन दिवसांत आकडा वळण्याची शक्यता बरीच आहे. तिसरं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण. प्लेटलेट्स घसरत असताना तो वीस टक्क्यांनी चढला, म्हणजे 40 चा 48 झाला, तर रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो आहे. तिथे धोका शॉकचा आहे आणि उपचार मोजून दिलेल्या सलाइनचा, प्लेटलेटच्या पिशवीचा नाही.