मिनॉक्सिडिल व फिनास्टराइड

पुरुषांच्या आनुवंशिक केसगळतीवर वापरली जाणारी दोन औषधे. या विकारात कपाळाच्या दोन्ही बाजूंचे व माथ्यावरचे केस वर्षागणिक बारीक आणि आखूड होत जातात. दोन्ही औषधे ही प्रक्रिया रोखून धरतात, पण मूळ प्रवृत्ती बदलत नाहीत. त्यामुळे औषध बंद केल्यावर गळती पुन्हा सुरू होते.

मिनॉक्सिडिल हे आरंभी उच्च रक्तदाबावरील गोळीचे औषध होते. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसल्यावर डोक्याला लावायचा द्राव तयार झाला व त्याला १९८८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते केस कसे वाढवते, याविषयी मात्र एकमत नाही. रक्तवाहिन्या रुंदावून रक्तपुरवठा वाढतो, हे जुने स्पष्टीकरण आज अपुरे वाटते. केसाच्या मुळाशी असलेले सल्फोट्रान्सफरेज हे विकर औषधाला सक्रिय रूप देते आणि हे रूप विश्रांतीतील केसांना लवकर वाढीच्या अवस्थेत आणते, हे मत अधिक ग्राह्य दिसते. काहींना औषध लागू का पडत नाही, हे विकराच्या कमी-अधिक प्रमाणावरून बरेचसे उलगडते. पहिल्या दोन महिन्यांत केस जास्त गळतात तेही केस असे वाढीच्या अवस्थेत आल्यामुळेच, कारण नवा केस जुन्याला बाहेर ढकलतो. नेमक्या याच टप्प्यावर घाबरून अनेक जण औषध सोडतात.

फिनास्टराइड टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे, केसांची मुळे आक्रसवणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये होणारे रूपांतर अडवते. हे रूपांतर घडवणाऱ्या विकराची जन्मजात उणीव असलेल्या डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुरुषांना टक्कल पडत नसल्याचे १९७४ च्या सुमारास नोंदले गेले होते. केसांसाठीच्या १ मिलिग्रॅम गोळीला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

जानेवारीत दोन्ही औषधे सुरू करणाऱ्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये उशीवर अधिक केस दिसू शकतात. मे-जूनपर्यंत गळती मंदावते आणि खरा निवाडा वर्षअखेरीस, एकाच उजेडात काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवून करता येतो. माथ्यावर गुण चांगला येतो, कपाळाच्या कोपऱ्यांवर कमी. जेथे टाळू गुळगुळीत झाली आहे, तेथे फारशी आशा नसते. मिनॉक्सिडिल थांबवल्यास मिळालेले केस साधारण तीन-चार महिन्यांत, तर फिनास्टराइड थांबवल्यास वर्षभरात जातात. डोके तेव्हा औषध न घेता जसे झाले असते तसे होते, त्याहून वाईट नव्हे.

मिनॉक्सिडिलच्या द्रावाने टाळूला खाज सुटते. बहुधा त्यातील प्रॉपिलीन ग्लायकॉल हे द्रावक कारणीभूत असते व ते नसलेला फेस वापरल्यास त्रास कमी होतो. छातीत धडधड झाल्यास किंवा पायांवर सूज आल्यास औषध थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. फिनास्टराइडने थोड्या पुरुषांत कामेच्छा व ताठरता कमी होते. हा त्रास बहुतेकांत गोळी बंद केल्यावर जातो, परंतु तो टिकून राहिल्याच्याही तक्रारी आहेत. त्यांचे कारण व प्रमाण वादग्रस्त असले, तरी त्या फेटाळणे योग्य नाही. आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये मान्य केला आहे, म्हणून मन खिन्न झाल्यास गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावे. या गोळीने प्रोस्टेट तपासणीत रक्तात मोजल्या जाणाऱ्या पीएसए या प्रथिनाचा आकडा जवळपास निम्मा होतो, तेव्हा तपासणीसाठी रक्त देताना ती चालू असल्याचे सांगावे. गर्भवती स्त्रीने फिनास्टराइडची फुटलेली गोळी हाताळू नये.