पुस्तकाची शब्दसंख्या आणि पृष्ठअंदाज

संहितेतील शब्द मोजून छापील पुस्तक किती पानांचे होईल, याचा हिशेब अक्षरजुळणीपूर्वी करावा लागतो. त्याला पृष्ठअंदाज म्हणतात. कागद किती लागेल, फर्मे, म्हणजे एकेका कागदाच्या घडीतून होणारे पानांचे संच, किती होतील आणि किंमत काय ठेवायची, हे या आकड्यावरून ठरते. मराठी पुस्तकांत हा हिशेब बहुधा एक अष्टमांश डेमी आकारासाठी, म्हणजे कापणीनंतर सुमारे साडेपाच गुणिले साडेआठ इंचांच्या पानासाठी केला जातो. पुढील आकडे वेगळा उल्लेख नसेल तिथे याच आकाराचे आहेत.

प्रकारानुसार शब्दसंख्या

मराठीत कादंबरीची शब्दमर्यादा कोणी ठरवून दिलेली नाही. इंग्रजीतील विज्ञानकथा आणि अद्भुतकथेच्या नेब्युला पुरस्कारासाठी मात्र नेमक्या रेषा आखलेल्या आहेत: ७,५०० शब्दांच्या आत कथा, १७,५०० च्या आत दीर्घकथा, ४०,००० च्या आत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी. या रेषा मराठीला जशाच्या तशा लावता येत नाहीत, कारण दोन्ही भाषांतला 'एक शब्द' सारख्या मापाचा नाही. 'माझ्या मित्राच्या घरात' हे तीन शब्द इंग्रजीत सांगायला किमान चार शब्द लागतात. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मराठीत शब्दाला चिकटून येतात, इंग्रजीत ती सुटी राहतात. त्यामुळे ८०,००० शब्दांच्या इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद सर्वसाधारणपणे ६० ते ६५ हजार शब्दांत बसतो. पाने मात्र त्या प्रमाणात घटत नाहीत. शब्द कमी झाले तरी प्रत्येक शब्द लांब होतो आणि ओळीत कमी शब्द मावतात. अनुवादाचा पृष्ठअंदाज मूळ इंग्रजी शब्दसंख्येवरून काढला, तर तो हमखास चुकतो.

मराठीत सामान्यतः आढळणारे आकडे असे आहेत. सामाजिक कादंबरी ५० ते ९० हजार शब्दांची असते. ऐतिहासिक कादंबरी दीड लाखाच्याही पुढे जाते. लघुकादंबरी २० ते ३५ हजारांत आटोपते. दिवाळी अंकातली कथा तीन ते सहा हजारांची असते आणि अशा आठ-दहा कथांचा संग्रह ३५ ते ५० हजारांचा होतो. ललितलेखांचे पुस्तकही साधारण तेवढेच किंवा थोडे लहान असते. चरित्र-आत्मचरित्राला ६० हजार ते एक लाख शब्द लागतात. किशोरांसाठीची कादंबरी १५ ते ३० हजारांची असते. दोन अंकी नाटक १५ ते २० हजार शब्दांचे असते. चित्रमय बालपुस्तकात आधी १६, २४ किंवा ३२ अशी पाने ठरतात आणि मग त्यांत बसतील एवढे, म्हणजे काहीशे ते हजारभर शब्द लिहिले जातात. कवितासंग्रहासाठी शब्द मोजून काहीच कळत नाही, तिथे ओळी मोजाव्या लागतात.

खालच्या टोकालाही एक सीमा आहे. युनेस्कोच्या १९६४ च्या शिफारशीनुसार मुखपृष्ठ सोडून किमान ४९ पाने असतील तरच ते पुस्तक, त्याहून लहान ती पुस्तिका.

शब्द मोजताना

संगणकावरची शब्दगणना मुख्यतः मोकळ्या जागा पाहून शब्द वेगळे करते. 'आला .' असे पूर्णविरामाआधी जागा सोडून टंकलेले असेल, तर तो टिंबही शब्द म्हणून मोजला जाऊ शकतो. हाताने टंकलेल्या जुन्या संहितांत अशी हजारो टिंबे निघतात. म्हणून आधी शोधा-बदला वापरून विरामचिन्हांपूर्वीच्या जागा काढून टाकाव्यात आणि मग शब्द मोजावेत.

अक्षरसंख्येवरून पाने काढायची पद्धत देवनागरीत आणखी फसवी आहे. 'स्त्री' हे वाचणाऱ्याला एकच अक्षर दिसते. युनिकोडमध्ये ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा सहा चिन्हांचे बनते. 'घर' दोन चिन्हांत होते, तरी ओळीत 'स्त्री'पेक्षा जास्त जागा घेते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या मजकुराची चिन्हसंख्या तर फाँटगणिक बदलते. शब्दसंख्या त्या मानाने स्थिर असते, म्हणून हिशेबाचा पाया तीच ठेवावी.

पानात किती शब्द

'एका पानावर २५० शब्द' हा ऐकीव आकडा डेमी आकाराला जवळचा आहे. पण १३ पॉइंटचा एक फाँट आणि १३ पॉइंटचाच दुसरा फाँट यांच्या रुंदीत बराच फरक असू शकतो, म्हणून प्रत्यक्ष मोजणे बरे. ज्या फाँटमध्ये आणि ज्या ओळलांबीवर पुस्तक छापायचे, त्यात संहितेचा तुकडा लावून घ्यावा. पूर्ण भरलेल्या दहा ओळींतले शब्द मोजले की ओळीची सरासरी मिळते. तिला पानातल्या ओळींनी गुणले की भरगच्च पानाची शब्दसंख्या येते.

हा आकडा थेट भागाकारात वापरणे ही सर्वात जास्त होणारी चूक आहे. परिच्छेदाची शेवटची ओळ बहुधा अर्धवट राहते आणि संवादात तर ओळीच ओळी रिकाम्या जातात. 'हो.' एवढे एकच उत्तर नऊ शब्दांच्या ओळीइतकीच जागा खाते. असे दहा एकेरी संवाद पानाचा तिसरा हिस्सा व्यापतात आणि त्यांत शब्द जेमतेम वीस-तीस असतात. म्हणून संहितेतली वेगवेगळ्या ठिकाणची पाच पाने लावून त्यांची सरासरी घ्यावी. ही पाने निवडताना सगळी सुरुवातीच्या प्रकरणांतली घेऊ नयेत. अनेक कादंबऱ्यांत आरंभी वर्णन दाट असते आणि संवाद पुढे वाढतात, त्यामुळे अंदाज कमी निघतो आणि पुस्तक फुगते.

एक हिशेब

समजा, ६२,००० शब्दांची, १८ प्रकरणांची कादंबरी आहे. फाँट १३ पॉइंट, ओळीचे अंतर १७ पॉइंट आणि पानात २९ ओळी. दहा पूर्ण ओळींत ९१ शब्द भरले, म्हणजे ओळीत ९.१. भरगच्च पान झाले २६४ शब्दांचे. मग पाच ठिकाणची पाने लावली. त्यांत २५१, २१४, २४३, २२१ आणि २३१ शब्द निघाले. सरासरी आली २३२, म्हणजे भरगच्च पानापेक्षा सुमारे १२ टक्के कमी. ६२,००० भागिले २३२ केले की २६८ पाने होतात.

यात प्रकरणांची मोकळी जागा आलेली नाही. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर, पानाच्या वरचा साधारण एक तृतीयांश भाग सोडून सुरू होते आणि संपताना सरासरी अर्धे पान रिकामे राहते. १८ प्रकरणांची मिळून ही जागा १५ पानांची होते. प्रत्येक प्रकरण उजव्याच पानावर सुरू करायचे असेल, तर आणखी साधारण नऊ कोरी पाने धरावी लागतात. इथे तशी अट नाही.

पुढची पाने वेगळी. पहिले पान आणि त्याची मागची बाजू, शीर्षकपान, त्यामागे प्रकाशनाची माहिती, अर्पणपत्रिका, तिची कोरी पाठ, दोन पानांचे मनोगत, अनुक्रमणिका आणि पुन्हा कोरी पाठ, अशी दहा. एकूण २६८ अधिक १५ अधिक १०, म्हणजे २९३ पाने.

आता फर्म्याचा प्रश्न येतो. १८ गुणिले २३ इंचांच्या डेमी कागदाला तीन घड्या घातल्या की आठ कागद, म्हणजे १६ पाने होतात. हा एक फर्मा. २९३ पाने १८ फर्म्यांत, म्हणजे २८८ पानांत मावत नाहीत, पाच उरतात. १९ फर्मे घेतले तर ३०४ पाने होऊन अकरा कोरी राहतात. अर्धा फर्मा जोडून २९६ करता येतात, पण आठ पानांसाठी यंत्रावर वेगळी जोडणी करावी लागते. लहान आवृत्तीत तो खर्च प्रतीमागे जाणवतो.

अशा वेळी जाणकार जुळारी फाँट लहान न करता ओळींच्या अंतराकडे पाहतो. १७ पॉइंटच्या २९ ओळी ४९३ पॉइंट उंची घेतात. अंतर १६.५ केले तर ३० ओळी ४९५ पॉइंटांत बसतात, म्हणजे पानाच्या कडा जवळपास तशाच राहतात. पानात आता सरासरी २४० शब्द येतात, मजकूर २५९ पानांत संपतो आणि एकूण २८४ पाने होतात. १८ फर्मे पुरतात आणि चार पाने मागे उरतात. त्यांत लेखकपरिचय किंवा प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी घालता येते.

ही ओढाताण देवनागरीत फार ताणता येत नाही. रोमन अक्षरांना न लागणारी जागा इथे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार घेतात, तर ओळीखाली उकार आणि ऋकार लोंबतात. वरच्या ओळीत 'दृ' किंवा 'हू' आणि नेमक्या त्याखाली 'र्मी' आले की चिन्हे एकमेकांना टेकतात. १३ पॉइंटच्या बहुतेक मजकुरी फाँटना १६ पॉइंटच्या खाली हा त्रास सुरू होतो. मोठ्या वेलांट्यांच्या फाँटना तो त्याआधीच होतो. नमुनापान पडद्यावर न तपासता कागदावर छापून तपासावे, कारण पडद्यावर मोठे करून पाहताना ओळींची दाटी लक्षात येत नाही.

जिथे हा हिशेब चालत नाही

नाटकात पात्राचे नाव डाव्या बाजूला आणि संवाद आत सरकवून लावतात, त्यामुळे ओळ आखूड होते. तिथे पानाला १७० ते २०० शब्द धरावेत. कवितासंग्रहात प्रत्येक कविता नव्या पानावर घ्यायची असते. कवितेच्या ओळी आणि कडव्यांमधल्या मोकळ्या ओळी मोजून ती एका पानाची की दोन पानांची, हे एकेका कवितेपुढे लिहावे आणि बेरीज करावी. वैचारिक ग्रंथातल्या तळटीपा लहान टंकात असतात, म्हणून त्यांचे शब्द वेगळे मोजून वेगळ्या सरासरीने भागावेत. ग्रंथाच्या शेवटी येणारी नावांची आणि विषयांची सूची पानांचे क्रमांक ठरल्याशिवाय करताच येत नाही. तिच्यासाठी आधीच पाने राखून ठेवली नाहीत, तर शेवटी नवा फर्मा वाढवावा लागतो.

संगणकावर ए-फोर आकारात टंकलेल्या संहितेची पाने पाहून लेखक बरेचदा 'माझे पुस्तक दीडशे पानांचे आहे' असे सांगतात. ए-फोर पानात ४०० शब्द बसत असतील, तर वरच्या २३२ च्या सरासरीने तीच दीडशे पाने डेमीत सुमारे २६० होतात, आणि त्यात प्रकरणांची व पुढची पाने अजून धरायची असतात. मागणीनुसार एकेक प्रत छापणाऱ्या डिजिटल पद्धतीत फर्म्याचे बंधन बरेच सैल असते. तिथे २९३ पानांना एक कोरे पान जोडून २९४ पानांचे पुस्तक करता येते.